‘प्राइस?’

इन्स्टाग्रामवर गोधडीचा एक फोटो. निळ्या सुती काठाची, मधे जुन्या साड्यांचे चौकोन, उन्हात दोरीवर टाकलेली. खाली साठ-सत्तर बदाम आणि वीसेक प्रतिक्रिया. त्यातल्या बाराजणी एकच विचारतात, ‘प्राइस?’ कुणी ‘किती ला?’, कुणी नुसतं ‘pp’, म्हणजे ‘प्राइस प्लीज’. प्रत्येकीला विक्रेतीचं उत्तर ठरलेलं : ‘इनबॉक्स केलंय डिअर.’ बारा माणसांनी एका फोटोखाली एकच प्रश्न विचारावा आणि बाराही जणींना वेगवेगळं बाजूला नेऊन कानात उत्तर द्यावं, असा हा बाजार. तुळशीबागेत एखाद्यानं असं केलं असतं तर लोक हसले असते.

आपण ज्या गोधडीवाल्या ताईंचं उदाहरण घेणार आहोत त्या कुणी एक बाई नाहीत. घरून साड्या, दागिने, फराळ, पिशव्या विकणाऱ्या अनेकींची कहाणी त्यांच्यात एकत्र केली आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. गोधडी मुद्दाम निवडली. तिची किंमत आकारावर, शिलाईवर आणि कापडावर बदलते, म्हणजे ‘आमचं प्रत्येक काम वेगळं असतं, भाव कसा लिहिणार?’ ही तक्रार इथे खरीच लागू पडते.

किंमत न लिहिण्यामागे या ताईंची कारणं आहेत आणि ती सगळी खोटी नाहीत. शेजारच्या गावातली दुसरी विक्रेती भाव बघून शंभर रुपये कमी लावेल, ही एक भीती. प्रतिक्रिया वाढल्या की पोस्ट जास्त लोकांना दिसते, ही समजूत. ‘३,२०० रुपये’ एवढंच वाचून बाई पुढे सरकेल, पण आधी बोलणं झालं तर हातशिलाईचं मोल समजावून सांगता येईल, ही आशा. आणि चौथं कारण, जे सहसा कुणी मोठ्यानं बोलत नाही : समोरच्या बाईचं प्रोफाइल बघायचं, घर कसं आहे, परदेशात राहते का, आणि मग आकडा ठरवायचा.

न लिहिलेल्या किमतीतूनही ग्राहक काहीतरी वाचतोच, एवढं मात्र या चारही कारणांत हिशेबात धरलेलं नसतं. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रॉम या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली, वेगवेगळ्या लेखांतून, विक्रेत्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मांडला. (मिलग्रॉम यांना पुढे २०२० साली लिलावांच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं.) आपल्याकडे तो आंब्याच्या पेटीवरून लगेच समजतो. खालचा थर चांगला असेल तर आंबेवाला पेटी उघडून दाखवतो. त्याच्याहून थोडा कमी चांगला माल असलेलाही उघडतो, कारण न उघडणाऱ्यांत आपली गणना होऊ नये असं त्याला वाटतं. असं करत करत शेवटी पेटी बंद ठेवणारा उरतो तो एकच, आणि गिऱ्हाइकाला त्याच्याबद्दल जे समजायचं ते समजतं. ते दोघे बोलत होते मालाच्या दर्जाबद्दल, पण किमतीच्या बाबतीतही मन याच रस्त्यानं जातं. स्वस्त असतं तर लिहिलं असतं. लिहिलं नाही, म्हणजे महाग असणार, किंवा माणूस बघून सांगणार. ज्या बाईला ३,२०० परवडले असते तीही मनाशी पाच हजार धरून, न विचारताच निघून जाते. तिची नोंद कुठेच होत नाही.

फिलिपाइन्समध्ये या सवयीला ‘पीएम इज द की’ असं नावच पडलं आहे. भाव हवा तर खासगी संदेश पाठवा, हीच किल्ली. तिथल्या व्यापार खात्यानं विक्रेत्यांना बजावलं की किंमत दाखवण्याचा कायदा ऑनलाइन मालालाही लागू आहे. ब्राझीलनं २०१७ साली कायद्यातच भर घातली : ऑनलाइन विक्रीत किंमत वस्तूच्या चित्राजवळ किंवा वर्णनाजवळ, ठळक, निदान १२ आकाराच्या अक्षरांत असली पाहिजे. आपल्याकडे २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचा रोख मुख्यतः ऑनलाइन बाजारपेठांवर आणि त्यांवर विकणाऱ्यांवर आहे. त्यांत एक कलम ध्यानात ठेवण्यासारखं आहे : किंमत एकाच एकूण आकड्यात सांगावी आणि पोहोचवण्याचा खर्च, कर वगैरे त्याची फोड सोबत द्यावी. एखाद्यानं घरातलं जुनं कपाट विकलं तर हे नियम त्याला नाहीत. नेमानं धंदा करणाऱ्याला मात्र ती सूट नाही.

एकूण आकडा आणि त्याची फोड. गोधडीवाल्या ताईंचं उत्तर याच दोन गोष्टींवर उभं राहतं, पण त्याआधी तो आकडा त्यांना स्वतःला माहीत असायला हवा, आणि अनेकदा घोडं तिथेच अडतं.

सिंगल बेडची, ६० बाय ९० इंचांची हातशिलाईची गोधडी घेऊ. वरचं नवं सुती कापड ७०० रुपये. आतले थर, म्हणजे धुऊन इस्त्री केलेल्या जुन्या साड्या, ३००. दोरा १००. टाके घालणाऱ्या बाईची मजुरी १,३००. वेष्टन ५०. झाले २,४५०. विक्री ३,२०० ला, म्हणजे ताईंच्या हातात राहतात ७५०. त्यातच फोटो काढणं, कापड आणणं आणि रात्री साडेअकरापर्यंत ‘प्राइस?’ला उत्तरं देणं आलं.

आता कुरिअर. गोधडीचं वजन २ किलो २०० ग्रॅम. ताईंनी तेवढ्याचाच भाव धरला, ग्राहकाला ‘कुरिअर २५०’ सांगितलं, पैसे घेतले आणि काउंटरवर गेल्या. तिथल्या पोरानं खोक्याला टेप लावली : ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर. गुणाकार २४,०००, त्याला भागिले ५,०००, म्हणजे ४.८ किलो. हलक्या पण फुगीर मालाला बहुतेक कुरिअरवाले असं जागेवरून वजन काढतात, आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. बिल झालं ४५०. आता ताईंपुढे दोन वाटा. दोनशे रुपये आपल्या साडेसातशेतून घालायचे, किंवा पैसे भरून मोकळ्या झालेल्या बाईला पुन्हा संदेश करायचा, ‘सॉरी डिअर, शिपिंग थोडं वाढलंय.’ दुसरी वाट धरली की ती बाई परत येत नाही. दोनशेसाठी नव्हे; ठरलेला आकडा हलला म्हणून.

उपाय साधा होता. हवा काढून टाकणाऱ्या पिशवीत गोधडी दाबली तर उंची २० ऐवजी १० सेंटिमीटर होते, आणि तेच गणित २.४ किलोवर येतं. प्रत्येक आकाराचा एकेक रिकामा खोका एकदाच मोजून, महाराष्ट्र, बाकी भारत आणि परदेश असे तीन दर वहीत लिहून ठेवले की पुन्हा अंदाज लागत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी बाईला गोधडी ३,२०० चीच, कुरिअर मात्र वेगळं आणि पावतीसकट. परदेशातलं नाव बघून गोधडीच पाच हजारांची केली, तर तिची पुण्यातली वहिनी तोच फोटो घेऊन ताईंच्या इनबॉक्समध्ये हजर होते. एका घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन भाव समोरासमोर यायला फार वेळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष संवाद. जुन्या पद्धतीचा असा चाले :

‘प्राइस?’
(दुसऱ्या दिवशी) ‘हाय डिअर, कोणती साइज हवी?’
‘फोटोतली.’
‘हातशिलाई की मशीन?’
‘फोटोत कोणती आहे?’
‘हात. तुमचं बजेट काय आहे?’

इथे ती बाई गेली. बजेट विचारणं हे घराच्या रंगकामाला किंवा लग्नाच्या मांडवाला शोभतं, कारण तिथे बजेटप्रमाणे काम खरंच बदलतं. तयार वस्तूचा फोटो समोर असताना बजेट विचारलं की त्याचा अर्थ एकच निघतो : तुझ्या तोंडून आकडा काढते, मग माझा सांगते.

तेच उत्तर पहिल्या फटक्यात असं देता येतं :

‘नमस्कार ताई. फोटोतली गोधडी सिंगल बेडची आहे, ६० बाय ९० इंच, पूर्ण हातशिलाई. किंमत ३,२००, महाराष्ट्रात कुरिअर २५०, घरपोच एकूण ३,४५०. अशीच मशीनशिलाईची घेतली तर २,३००, घरपोच २,५५०. शिवायला १५ दिवस लागतात. तुम्हाला कोणत्या तारखेपर्यंत हवी आहे?’

सहा वाक्यं. जिचा फोटो पाहून विचारलं तिचाच भाव आधी, दुसरीचा नंतर. आकडा वर्णनानंतर लगेच आलाय. आधी आजीच्या आठवणी, मायेची ऊब, हस्तकलेचा वारसा असा परिच्छेद नाही. किंमत विचारणाऱ्याला ती ऊब फोटोत दिसलेली असते, म्हणूनच तो विचारतो. शेवटचा प्रश्नही नीट बघण्यासारखा आहे. ‘घेणार का?’ विचारलं की हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं, म्हणून माणूस गप्प होतो. तारीख मात्र कुणीही सहज सांगतं. ‘२० तारखेला बारसं आहे’ असं उत्तर आलं की गोष्ट कुठल्या कुठे जाते. सिंगल बेडची गोधडी सोडून बाळाच्या दुपट्याबद्दल बोलणं सुरू होतं.

मशीनच्या गोधडीचा भाव २,३०० कसा आला हेही पाहू. शिलाई १,३०० ऐवजी ४००, बाकी सगळं तेच, खर्च १,५५०. ताईंना तिथेही ७५० च सुटतात. हे मुद्दाम केलेलं आहे. दोन्हींत सारखंच सुटत असेल तर महागडी गळ्यात मारायची ओढ राहत नाही, आणि ‘रोज वापरायला, वरचेवर धुवायला असेल तर मशीनची घ्या’ हे ताई अगदी मोकळेपणानं सांगू शकतात.

मापाप्रमाणे, घरच्या साड्या वापरून गोधडी शिवून घेणाऱ्यांना नेमका आकडा आधी सांगता येत नाही हे खरंच. पण ‘२,००० पासून पुढे’ असं लिहिणंही फसवं ठरतं, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात २,००० च बसतं आणि पुढचा प्रत्येक आकडा वाढीव वाटतो. त्यापेक्षा आधी शिवलेल्या दोन गोधड्यांचे फोटो त्यांच्या खऱ्या किमतीसकट पाठवावेत : ही २,१०० ला गेली, ही ४,६०० ला, फरक मापाचा आणि टाक्यांचा. मग विचारणारी स्वतःच सांगते, ‘पहिलीसारखी, पण थोडी मोठी.’

आणि मग तो प्रश्न येतोच. ‘काही कमी होईल का?’

यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. हा प्रश्न भाजीच्या गाड्यावर विचारतात तितक्याच सहज, अनेकदा केवळ रीत म्हणून विचारला जातो. ‘नाही’ एवढं नुसतं उत्तर तुसडं वाटतं आणि ‘चला तुमच्यासाठी २,७००’ हे त्याहून महागात पडतं. हिशेब करा : ५०० रुपये म्हणजे किमतीचा साधारण सहावा हिस्सा, पण ताईंच्या सुटीतले दोन तृतीयांश. ७५० चे उरले २५०. पूर्वी एका गोधडीत जे मिळत होतं त्यासाठी आता तीन विकाव्या लागतील. शिवाय क्षणात पाचशे उतरले की घेणारीच्या मनात येतं, मग आधी पाचशे जास्त का सांगितले होते? मोकळेपणानं सांगितलेला आकडाही त्या एका सवलतीनं संशयित होतो.

म्हणून पैसे कमी करायचे तर त्याबरोबर काहीतरी हललं पाहिजे. ‘ताई, याच गोधडीत कमी होत नाही, यातली १,३०० शिवणाऱ्या बाईची मजुरी आहे. मशीनची २,३०० ला बसते. किंवा एकाच पत्त्यावर दोन घेतल्या तर कुरिअर माझ्याकडे.’ दुसरी सवलत ताईंना परवडते, कारण दोन गोधड्यांचे १,५०० सुटतात आणि त्यातून एका मोठ्या खोक्याचे चार-साडेचारशे जातात. मुख्य म्हणजे ही सवलत सगळ्यांना सारखी आहे. घासाघीस करणारीला मिळाली आणि गुपचूप पैसे भरणारीला नाही, असं होत नाही. मजुरीचा आकडा सांगावा की नाही यावर मतभेद आहेत. संपूर्ण खर्चाची फोड देऊ नये, असंच इथे सुचवावंसं वाटतं. ती दिली की समोरची बाई दोऱ्याच्या शंभर रुपयांवर वाद घालत बसते. एकच मोठा खर्च, जो टाक्यांत डोळ्यांना दिसतो, तेवढा पुरे.

‘बघते, सांगते’ म्हणून गेलेल्यांचं काय? दोन दिवसांनी एकदाच आठवण करावी, आणि त्यात काहीतरी नवं असावं : ‘ताई, हा निळा काठ एका गोधडीपुरता उरलाय. शनिवारी दुसऱ्या कामाला कापणार आहे. तुमच्यासाठी ठेवू का? नको असेल तरी मोकळेपणी सांगा.’ हे खरं असेल तरच. खोटी घाई लावणं हा केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या मार्गदर्शक सूचनांतल्या १३ प्रकारांपैकी एक आहे. आधी छोटा आकडा दाखवून शेवटी खर्च चढवत नेणं हाही त्याच यादीत आहे. कुरिअर काउंटरवरचा तो प्रसंग आठवावा. ताईंच्या मनात लबाडी नव्हती, पण घेणारीला दिसलं ते तेच.

रोज तीच सहा वाक्यं टाइप करणं शक्य नसतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ साठवता येतात. `/single` टाइप केलं की अख्खं उत्तर समोर येतं. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यातही साठवलेली उत्तरं असतात. दोन गोष्टी मात्र हमखास चुकतात. एक, कापड महागल्यावर ते साठवलेलं उत्तर बदलायचं राहून जातं. दुसरी, विचारलेलं असतं ‘डबल बेडची आहे का?’ आणि जातं सिंगलचं उत्तर. साठवलेल्या मजकुराच्या आधी एक ओळ हातानं लिहिली, विचारणारीच्या प्रश्नाला धरून, की हे टळतं. शिवाय अनोळखी माणसाचा पहिला संदेश इन्स्टाग्रामवर अनेकदा ‘रिक्वेस्ट’च्या कप्प्यात पडतो. तो कप्पा दिवसातून दोनदा उघडला नाही तर उत्तर कितीही चांगलं असो, ते शिळं होऊन पोहोचतं.

हे सगळं केल्यावर विचारणा कमी होतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पोस्टवर किंमत लिहिली की ‘प्राइस?’ विचारणाऱ्या बाराजणींपैकी बऱ्याच जणी येतच नाहीत, आणि पहिल्या आठवड्यात ताईंना वाटतं की धंदा बसला. म्हणून वहीत चार रकाने आखावेत : विचारलं, भाव सांगितला, पुढे बोलली, पैसे आले. समजा पूर्वी महिन्याला ४० जणींनी विचारलं, त्यांतल्या २२ जणी भाव कळेपर्यंत टिकल्या, ९ पुढे बोलल्या आणि ४ जणींनी घेतली. आता १८ विचारतात, अठराही जणींना भाव माहीत, ९ बोलतात, ५ घेतात. इनबॉक्स ओस दिसतो, पण गोधडी एक जास्त गेली आणि बावीस जणींशी बोलण्याचा वेळ वाचला. उलट, भाव कळूनही पुढे कुणीच बोलत नसेल तर दोष सांगण्याच्या पद्धतीत नाही. मग किंमत, फोटो किंवा ज्यांच्यापर्यंत पोस्ट पोहोचते ती माणसं, यांतलं काहीतरी चुकतंय, आणि ते शोधायला ताईंना वहीतला तिसरा रकानाच उपयोगी पडतो.

पैसे आल्याचा रकाना भरतानाही सावध असावं. ग्राहकानं पाठवलेला यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तसे खोटे स्क्रीनशॉट बनवणारे आहेत. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच कापडाला कात्री.

आणि कधीतरी आठ महिन्यांपूर्वीच्या पोस्टखाली संदेश येतो, ‘ही अजून ३,२०० लाच आहे का?’ दरम्यान सुती कापड महागलेलं असतं. जुनी पोस्ट खोडून गप्प बसण्याचा मोह इथे होतो. ताईंचं उत्तर असं गेलं : ‘नाही ताई, तो मार्चचा भाव होता. कापड वाढल्यामुळे आता ३,३५० आहे, कुरिअर तेवढंच, घरपोच ३,६००. हा भाव महिनाअखेरपर्यंत धरते. तुम्हाला निळी हवी की लाल काठाची?’ आणि मग त्यांनी जुन्या पोस्टवर जाऊन ३,२०० च्या पुढे ‘मार्चपर्यंत’ असं लिहिलं.